मार्कअप की मार्जिन? दुकानदाराची विक्री किंमत तपासताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात अकरावी-बारावी वाणिज्यच्या शिकवण्या घेतो आणि संध्याकाळी दोन-तीन कापड दुकानांच्या वह्या बघतो. मुलं विचारतात ते आणि दुकानदार विचारतात ते, दोन्ही प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतात: नफ्याचा टक्का कशावर धरायचा? फोनवर तेच तेच पुन्हा सांगण्यापेक्षा इथे लिहून ठेवतो. बहुतेक उत्तरांत एकच चादर वापरली आहे, म्हणजे आकडे ओळखीचे राहतील.

१. सर, मार्कअप आणि मार्जिन वेगळे कसे? दोन्ही नफाच ना?

रुपयांतला नफा एकच असतो. चादर ३५० रुपयांना पडली आणि ५०० ला विकली, तर नफा १५० रुपये. यात कुणाचाच वाद नाही. वाद सुरू होतो तो टक्का काढताना, कारण या १५० ला कशाने भागायचं हे दोघे वेगवेगळं धरतात.

तेच १५० खरेदीच्या ३५० ने भागले तर ४२.८६ टक्के येतात. हा मार्कअप, म्हणजे खरेदीवर किती चढवले. विक्रीच्या ५०० ने भागले तर बरोबर ३० टक्के येतात. हे मार्जिन, म्हणजे गिऱ्हाइकाने दिलेल्या पैशातून आपले किती उरले. नुसतं ‘३० टक्के नफा’ म्हणणं अर्धवट आहे. कशावर ३० टक्के, हे सांगितल्याशिवाय उत्तर चूक की बरोबर ते ठरवताच येत नाही.

२. चादर ३५० ला पडते, ३० टक्के ठेवायचे आहेत. माझं उत्तर ४५५, मैत्रिणीचं ५००. बरोबर कोण?

दोघीही आपापल्या जागी बरोबर आहात. तुम्ही ३५० चे ३० टक्के, म्हणजे १०५ काढून त्यात मिळवले. हा ३० टक्के मार्कअप झाला. मैत्रिणीने विचार उलट बाजूने केला. विक्रीतले ३० टक्के नफ्याचे, तर उरलेले ७० टक्के खरेदीचे. ते ७० टक्के म्हणजे ३५० रुपये. मग पूर्ण किंमत ३५० ÷ ०.७०, म्हणजे ५००.

आता तुमचे ४५५ मार्जिनच्या मापाने बघा. १०५ ÷ ४५५ म्हणजे २३.०८ टक्के. दुकानदाराला ‘विक्रीच्या ३० टक्के’ हवे असतील आणि त्याने ४५५ ची चिठ्ठी लावली, तर दर चादरीमागे ४५ रुपये कमी येतात. २४ नगांच्या एका गठ्ठ्यावर हे १,०८० रुपये होतात. त्याला कळतही नाही, कारण नफा होतोच आहे, फक्त ठरवल्यापेक्षा कमी.

३. दुसऱ्याने काढलेली किंमत पटकन तपासायची कशी?

माझी आवडती रीत सूट देऊन बघण्याची आहे. जेवढं मार्जिन सांगितलंय तेवढ्याच टक्क्यांची सूट त्या विक्री किमतीवर देऊन बघा. किंमत थेट खरेदीवर येऊन टेकली, तर उत्तर मार्जिनचं आहे. ५०० वर ३० टक्के सूट दिली की उरतात ३५०. बरोबर.

४५५ वर तीच सूट दिली तर ३१८.५० उरतात, म्हणजे खरेदीच्याही खाली ३१.५० रुपये. असा आकडा दिसला की समजायचं, टक्का खरेदीवर चढवला आहे. खात्रीसाठी ४५५ ला १.३० ने भागा. नेमके ३५० आले, तर मार्कअपचं गणित पक्कं. आणि दोन्ही रीतींनी खरेदी किंमत परत मिळाली नाही, तर गोंधळ टक्क्याचा नसून बेरीज-भागाकाराचा किंवा मूळ किमतीचा आहे. अशा वेळी प्रश्न ५ पाहा.

किंमत दुकानदाराने गोल केली असेल तर दोन-चार रुपयांचा फरक दिसणारच. त्या फरकाची दिशा मात्र बघा. खरेदी ३४५ असेल तर ३० टक्के मार्जिनची किंमत ४९२.८६ येते. ४९५ लिहिले तर मार्जिन ३० च्या किंचित वर राहतं, ४९० लिहिले तर किंचित खाली जातं. दुकानदाराने ‘३० च्या खाली नको’ म्हटलं असेल तर ४९० हे उत्तर मी चूकच धरतो.

४. मी कॅल्क्युलेटरवरच केलं होतं, तरी चूक कशी?

कारण कॅल्क्युलेटरला तुम्ही काय विचारलंत ते तो सांगतो. दुकानात वापरतात त्या बऱ्याच कॅल्क्युलेटरवर ३५०, अधिक, ३०, मग टक्क्याची कळ दाबली की ४५५ येतात. यंत्राने ३५० चे ३० टक्के काढले. म्हणजे ही कळ मार्कअप देते, मार्जिन देत नाही. मी पाहिलेल्या चुकांपैकी निम्म्याहून जास्त इथेच झालेल्या असतात, कारण बोटांना या कळीची सवय झालेली असते.

मार्जिन हवं तर टक्क्याच्या कळीला हातच लावू नका. १०० मधून ३० वजा करा, ७० उरले, आणि ३५० ला ०.७० ने भागा. काही टेबल कॅल्क्युलेटरवर MU अशी कळ असते. ती कशी चालते हे यंत्रागणिक बदलतं, म्हणून आधी १०० आणि २० घालून बघा. १२५ आले तर ती मार्जिन धरते, १२० आले तर मार्कअप.

मोबाइलवर किंवा संगणकावर शीट ठेवत असाल, तर खरेदी B2 मध्ये आणि टक्का C2 मध्ये (३० टक्के असाच टाकलेला) धरून दोन्ही सूत्रं शेजारीशेजारी ठेवा. पहिलं मार्कअपचं, दुसरं मार्जिनचं.

```
=B2*(1+C2)
=B2/(1-C2)
```

५. गणितात खरेदी ३४० दिली आहे. तुम्ही ३५० कुठून आणले?

३४० हा बिलावरचा भाव आहे. आपल्याकडे व्यापारी ज्याला पडतळ म्हणतात ती वेगळी. समजा चाटी गल्लीतल्या दुकानदाराने अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून २४ चादरी ३४० ने उचलल्या. बिल झालं ८,१६० रुपयांचं. टेम्पो आणि हमाली मिळून २४० गेले. माल दुकानात येईपर्यंत ८,४०० रुपये लागले, म्हणजे नगामागे ३५०. टक्का या ३५० वर चढवायचा.

भागताना नग किती धरायचे, तेही बघा. २४ पैकी एका चादरीवर डाग निघाला, कारखानदार ती परत घेत नाही आणि ती विकण्याजोगी नाही, तर ८,४०० ला २३ ने भागावं लागतं. पडतळ ३६५ च्या वर जाते आणि ५०० ची किंमत ३० टक्के मार्जिनला पुरत नाही.

शेंगा चटणी घरी करून विकणाऱ्या ताई हाच प्रश्न वजनाच्या रूपात विचारतात. शेंगदाणे भाजून, साल पाखडून झाले की वजन घटतं. कच्च्या दाण्याच्या किलोवर हिशेब मांडला तर पडतळ कमी दिसते. एका घाण्याला दाणे, तिखट, लसूण, गॅस धरून २,१०० रुपये लागले आणि पाकिटं भरून १० किलो विकायला निघाली, तर पडतळ किलोला २१०. यावर ४० टक्के मार्जिन म्हणजे २१० ÷ ०.६०, म्हणजे ३५० रुपये किलो.

दुकानभाडं आणि पोराचा पगार यात धरायचा नाही. तो याच मार्जिनमधून भागवायचा असतो.

६. परीक्षेत नुसतं ‘२५ टक्के नफा’ लिहिलं असेल तर काय धरू?

शाळेच्या नफा-तोट्याच्या गणितात शेकडा नफा खरेदी किमतीवर काढतात. वेगळं काही म्हटलं नसेल तर तेच धरा. सातवी-आठवीच्या मुलाने ‘विक्रीवर पण काढता येतो’ म्हणून उत्तर बदलू नये.

पुस्तपालनात आणि धंद्याच्या उदाहरणांत मात्र वाक्य नीट वाचावं लागतं. ‘विक्रीवर २५ टक्के ढोबळ नफा’ म्हणजे मार्जिन. ‘मूळ किमतीत २५ टक्के मिळवून विकतो’ म्हणजे मार्कअप. मी मुलांना ‘वर’ या शब्दाच्या आधीचा शब्द अधोरेखित करायला लावतो. खरेदीवर, की विक्रीवर? तो शब्द सापडला की भागाकाराच्या खाली काय येणार ते ठरलं. उत्तरपत्रिकेतही पहिली ओळ ‘नफा विक्री किमतीवर धरला आहे’ अशी लिहा, म्हणजे तपासणाऱ्याला तुमचा रस्ता दिसतो.

७. आमचे आजोबा म्हणायचे, ‘रुपयाला चार आणे सुटले पाहिजेत’. हे मार्कअप की मार्जिन?

नुसत्या वाक्यावरून सांगता येत नाही, आणि भावाभावांत यावरून बोलाचाली होताना मी पाहिली आहे. रुपया कोणता ते विचारायचं. घातलेला रुपया असेल तर सव्वा रुपया परत आला पाहिजे. हा २५ टक्के मार्कअप, ३५० ची चादर ४३७.५० ला. गल्ल्यात आलेला रुपया असेल तर त्यातले चार आणे आपले आणि बारा आणे मालाचे. हे २५ टक्के मार्जिन, तीच चादर ४६६.६७ ला.

आजोबा आता नसतील, पण त्यांची वही असेल तर त्यातली एखादी खरेदी आणि तिचीच विक्री शोधा. सव्वापट दिसली की पहिला अर्थ. बारा आण्यांचा रुपया केलेला दिसला, म्हणजे खरेदीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी वाढ दिसली, की दुसरा.

८. मार्कअपवरून मार्जिन तोंडी काढता येतं का?

येतं, आणि आपल्या पाव-सव्वा-दीडच्या भाषेत फारच सोपं जातं. नफ्याचा हिस्सा अपूर्णांकात बोला. खरेदीच्या चार भागांवर एक भाग नफा घेतला, तर विक्रीत एकूण पाच भाग झाले आणि त्यातला एक आपला. म्हणून सव्वापट, म्हणजे २५ टक्के मार्कअप, हे २० टक्के मार्जिन. दीडपट म्हणजे खरेदीचे दोन भाग, नफ्याचा एक, एकूण तीन, मार्जिन ३३.३३ टक्के. दुप्पट म्हणजे मार्कअप १०० टक्के आणि मार्जिन ५०.

उलट येताना एक भाग कमी करायचा. मार्जिन पाचवा हिस्सा असेल तर मार्कअप चौथा. एवढं जमलं की समोरच्याचं उत्तर ऐकतानाच खटकतं.

९. कंपनीचा माणूस म्हणाला ‘२० टक्के सुटतात’, पण बिलावर तेवढे दिसत नाहीत. फसवलं का?

लगेच तसं म्हणू नका. १०० रुपये छापील किंमत असलेलं पाकीट तुम्हाला ८० ला पडत असेल, तर तो छापील किमतीवर २० टक्के सांगतोय. ८३.३३ ला पडत असेल, तर तो तुमच्या खरेदीवर २० टक्के सांगतोय. दोन्ही पद्धती बाजारात चालतात. माल उचलण्याआधी टक्का विचारायच्या ऐवजी ‘शंभरचं पाकीट मला कितीला पडेल?’ असं विचारा. रुपयांत उत्तर मिळालं की घोळ राहत नाही.

१०. गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल लावतो. गिऱ्हाईक घासाघीस करतं. किती सोडू शकतो?

प्रश्न ३ मधली तपासणी इथे थेट कामाला येते. जेवढं मार्जिन, तेवढीच सूट देता येते. त्यापुढे पदरचे जातात. मार्कअपचा टक्का डोक्यात ठेवून सूट देणारा इथेच फसतो. ४५५ ची चादर आहे, ‘मी ३० टक्के चढवलेत’ म्हणून २५ टक्के सोडले, तर हातात येतात ३४१.२५. पाच टक्के उरतील असं वाटलं होतं, प्रत्यक्षात पावणेनऊ रुपये खिशातून गेले.

आणखी एक. १० टक्के सूट दिली की मार्जिन ३० चं २० होतं असं पुष्कळांना वाटतं. ५०० ची चादर ४५० ला दिली तर नफा १०० आणि विक्री ४५०, म्हणून मार्जिन २२.२२ टक्के राहतं. सूट दिल्यावर विक्रीचा आकडाही खाली येतो, हे विसरलं की २० हे चुकीचं उत्तर येतं. होम मैदानावर गर्दीत हे भागाकार होणार नाहीत. म्हणून निघण्याआधीच प्रत्येक चिठ्ठीच्या मागे पेन्सिलने सर्वांत कमी किंमत रुपयांत लिहून ठेवा.

११. ५०० रुपये जीएसटी धरून की सोडून?

सोडून. जीएसटी सरकारचा आहे, तो नफ्यातही धरायचा नाही आणि विक्रीतही नाही. खरेदीवर भरलेला कर परत मिळत असेल तर पडतळ ३५० ही कर सोडून धरायची, ५०० काढायचे आणि त्यावर चादरीचा ५ टक्के कर लावून गिऱ्हाइकाकडून ५२५ घ्यायचे.

चिठ्ठीवर ‘सर्व कर धरून ५००’ लिहिलं असेल तर तुमची खरी विक्री ५०० ÷ १.०५, म्हणजे ४७६.१९. नफा १२६.१९ आणि मार्जिन २६.५० टक्के. तिशीचं मार्जिन इथे साडेतीन टक्क्यांनी घसरलं. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही आणि खरेदीवरचा करही परत मिळत नाही. मग तो कर पडतळीतच धरावा लागतो.

१२. हिशेबाप्रमाणे माल जास्त हवा, प्रत्यक्षात कमी भरतोय. चोरी झाली असेल का?

कुणावर संशय घेण्याआधी टक्का तपासा, हे मी कळकळीने सांगतो. एका दुकानात मार्चअखेरीला असंच झालं होतं. आकडे सोपे करून सांगतो. सुरुवातीचा माल आणि वर्षाची खरेदी मिळून ६,००,००० रुपये. विक्री ४,५५,०००. मालकांनी मला सांगितलं, ‘आपला धंदा ३० टक्क्यांवर आहे.’ मी विक्रीतून ३० टक्के कमी केले, विकलेल्या मालाची खरेदी ३,१८,५०० आली, म्हणजे शिल्लक माल २,८१,५०० चा हवा. मोजणीत २,५०,००० चाच निघाला. ३१,५०० रुपयांचा माल गायब.

मालकांची नजर काउंटरवरच्या पोराकडे गेली. तो दोन दिवस मान खाली घालून काम करत होता, ते मला अजून आठवतं. तिसऱ्या दिवशी मी रॅकवरच्या पाच चादरींच्या चिठ्ठ्या आणि त्यांची खरेदीची बिलं शेजारी ठेवली. प्रत्येक ठिकाणी विक्री म्हणजे खरेदी गुणिले १.३०. म्हणजे मालकांचे ३० टक्के खरेदीवरचे होते. ४,५५,००० ला १.३० ने भागल्यावर ३,५०,००० आले आणि शिल्लक पैशाला पैसा जुळली. चूक माझी होती; ‘कशावर ३०?’ हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. मालकांनी त्या पोराला बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं.

एक मर्यादा लक्षात ठेवा. वर्षभर भाव बदलत राहिले, सूट दिली किंवा वेगवेगळ्या मालावर वेगवेगळा टक्का असेल, तर ही रीत फक्त अंदाज देते. असा अंदाज कुणाविरुद्ध पुरावा होत नाही.

१३. चादरीवर ३० टक्के आणि नॅपकिनवर १० टक्के मार्जिन. मग दुकानाचं मार्जिन २० टक्के ना?

नाही. टक्क्यांची सरासरी काढायची नाही, रुपये मिळवायचे. २० चादरी ५०० ने विकल्या: विक्री १०,०००, नफा ३,०००. १०० नॅपकिन ५० ने विकले: विक्री ५,०००, नफा ५००. एकूण नफा ३,५०० भागिले एकूण विक्री १५,०००, म्हणजे २३.३३ टक्के. मार्कअप हवा असेल तर तेच ३,५०० एकूण खरेदी ११,५०० ने भागा, ३०.४३ टक्के येतील. चादरी कमी खपल्या आणि नॅपकिन जास्त, तर टक्के तेच राहूनही दुकानाचं मार्जिन खाली येतं.

१४. मार्जिन १०० टक्के असू शकतं का? आणि तोट्यात काय होतं?

मार्कअप १०० काय, ३०० टक्केही असू शकतो. मार्जिन १०० टक्के व्हायला माल फुकट पडावा लागेल. म्हणून कुणी ‘१२० टक्के मार्जिन’ असं उत्तर दिलं, तर गणित न बघता सांगता येतं की त्याने खरेदीने भागलंय.

तोट्यात मात्र नेहमीचा अंदाज उलटतो. नफ्यात मार्जिनचा आकडा मार्कअपपेक्षा लहान असतो. ३५० ची चादर ३०० ला काढावी लागली तर तोटा ५०. खरेदीवर तो १४.२९ टक्के आणि विक्रीवर १६.६७, म्हणजे इथे विक्रीवरचा आकडा मोठा. उत्तर तपासताना ‘मोठा आकडा आला म्हणजे खरेदीवर काढलाय’ हा ठोकताळा तोट्याच्या गणिताला लावू नका. तिथे भागाकार पुन्हा करूनच बघा.